रखमाबाईंची अडचण

नोटीस बोर्डावर लावून नीला वर आली, पदराने घाम पुसला, चहाचं आधण ठेवलं, आणि बेल वाजली. आधणाला उकळीसुद्धा फुटली नव्हती हो! सुयोग सदनातल्या माणसांचं एक आहे. घरात नळ आला की नाही हे त्यांना उशिरा कळेल, पण बोर्डावर नवा कागद लागला की पायात वहाणा न घालता धावत येतील, चष्मा पुसून पुसून वाचतील आणि तडक सेक्रेटरीची बेल दाबतील.

सेक्रेटरी म्हणजे नीलाच. बँकेतून निवृत्त होऊन घरी बसली, आणि सर्वसाधारण सभेत सगळ्यांनी एकमुखाने तिच्याकडे बोट दाखवलं. "तुम्हाला काय, वेळच वेळ!" म्हणाले. झालं. तेव्हापासून डोंबिवली पूर्वेतल्या या तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारतीच्या लष्कराच्या भाकऱ्या ती भाजत होती.

पण या खेपेला तिने कंबर कसली होती ती एका माणसासाठी. वर तिसऱ्या मजल्यावर, मागच्या कोपऱ्यात रखमाबाई राहायच्या. मूळच्या सावंतवाडीकडच्या, एकट्या, गुडघ्यांनी अधू. नीला बँकेत जायची तेव्हा तिची मुलगी शाळेतून आली की रखमाबाईंकडे जेवायची, त्यांच्याच मांडीवर झोपायची. त्या उपकाराची फेड काय करणार? त्यांच्या घराचं छत दर पावसाळ्यात गळायचं. कॉटच्या एका बाजूला बादली, दुसऱ्या बाजूला परात, आणि मधे अंग आखडून रखमाबाई. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "थोडंसंच गळतं हो. पाऊस तरी काय रोज पडतो?" गेल्या श्रावणात त्यांच्या उशीजवळ प्लास्टरचा पोपडा पडला, तेव्हा नीलाने त्यांचा हात धरून सांगितलं होतं, "मावशी, पुढच्या पावसाळ्यात तुमच्या घरात एक थेंब पडणार नाही. माझा शब्द."

तो शब्द पाळायला तिने काय नाही केलं! तीन ठेकेदारांकडून दरपत्रकं मागवली, सभा बोलावली, ठराव मंजूर करून घेतला, आणि मग ती नोटीस लिहिली. गच्चीवरचा जुना कोबा फोडायचा, खालचा स्लॅब साफ करून भेगा भरायच्या, त्यावर रसायनाचा लेप द्यायचा, मग विटांचे तुकडे बसवून, पाणी वाहून जाईल असा उतार देत नवा कोबा घालायचा. शेवटी पाण्याच्या जाण्याच्या वाटा बुजवून गच्चीत पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या घरांतली छतं पाहायची. कुठे ओल आली नाही तर काम पास. काम पुरं होईस्तोवर गच्ची बंद; पापड, कुरडया, गाद्या काही काही वर न्यायचं नाही. किल्ली सेक्रेटरी आणि ठेकेदाराकडे. खर्च सगळ्यांनी सारखा द्यायचा. आणि शेवटचं कलम असं होतं: 'निघणारा राडारोडा रोजच्या रोज खाली उतरवून नेला जाईल.' हे कलम तिने मुद्दाम घातलं होतं. गच्चीवर ओझं साठवायचं नसतं, एवढं तिला ठाऊक होतं.

तर बेल वाजली. दारात तळमजल्याचा दौलत. त्याच्या आजोबांची इथे भातशेती होती. जमीन बिल्डरला दिली, बदल्यात खालची घरं मिळाली, आणि मागचं अंगणही आपलंच असं तो धरून चालायचा.

"म्याडम, पाणी गळतंय वरती नि पैसं आम्ही का भराचं? माझे घरान तं एक थेंब येत नाय."

"दौलतभाऊ, गच्ची काय वरच्या मजल्याच्या मालकीची आहे? सोसायटीची आहे. तुमच्या आईचे बोंबील वाळतात ना तिथे, ते कुणाला विचारून?"

दौलत हसला. पैशांवरून तो फार ओढून धरणारा नव्हता, त्याचं दुखणं वेगळं होतं. राडारोडा दोरीने मागच्या अंगणात उतरवणार, आणि तिथे त्याची नवी कोरी गाडी उभी असायची. "अजून नंबर पण नाय आला तिचा. एक खडा पडला ना, तं काच गेली. येत्या रविवारी गाडी भावाकडं टिटवाळ्याला नेतो. तवर मागनं काय उतरवाचं नाय."

"बरं बाई, बघते," नीला म्हणाली. हे 'बरं बाई, बघते' तिचं फार जुनं होतं. बँकेच्या काउंटरवर बसून लागलेली सवय. समोरच्याचं तोंड पडलेलं तिला बघवायचं नाही.

दौलतची पाठ वळते न वळते तोच पहिल्या मजल्यावरची शेवंती आली. हातात पेढ्यांचा डबा! तिच्या मुलीचा साखरपुडा शनिवारी घरातच होता. दारात रांगोळी, जिन्याच्या कठड्याला झेंडूच्या माळा, वऱ्हाडी मंडळी थेट माजिवड्याहून येणार. "नीलाताई, अहो दौलत आत्ता जिन्यात म्हणाला, मागून उतरवायचं नाही. म्हणजे तुम्ही जिन्याने गोणी नेणार ना? माझ्या व्याह्यांनी काय विटांच्या भुकटीतून चालायचं? आठवडाभराचा तर प्रश्न. तुमचीच मुलगी समजा." पेढा तोंडात होता, नीला नाही कशी म्हणणार?

तिसरे आले समोरच्या दाराचे गोपीनाथकाका. निवृत्त शिक्षक, बोलणं अस्सल पुण्याचं, आणि एकेकाळचे याच सोसायटीचे सेक्रेटरी. आत आले, बसले, पाणी घेतलं आणि म्हणाले, "नीलाताई, मसुदा उत्तम आहे. एकच सूचना. दुपारी एक ते चार ठोकाठोकी बंद असावी. माणसाला विश्रांती नको का? आमच्या काळात आम्ही कोबा घातला होता, आठवडाभरात काम संपलं. कुणाला कसलाही त्रास झाला नाही."

"बरं काका, बघते."

आणि तिने बघितलं. जुनी नोटीस काढली, नवी लावली. 'सभासदांच्या सोयीसाठी पुढील बदल करण्यात येत आहेत' अशी सुरुवात करून तिने तिघांचंही मन राखलं. राडारोडा जिन्याने नेणार नाही. मागून रविवारपर्यंत उतरवणार नाही. तोवर तो गच्चीवरच एका बाजूला रचून ठेवला जाईल. दुपारी एक ते चार काम बंद. आणि अगदी शेवटी, दिवसभर बेल वाजून वाजून तिचं डोकं उठलं होतं म्हणून, तिने स्वतःच्या सोयीचंही एक कलम घातलं: 'या वेळेत कामासंबंधी सेक्रेटरीच्या घरची बेल वाजवू नये अथवा फोन करू नये.' लिहून झाल्यावर तिला भारी बरं वाटलं. इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं!

संध्याकाळी ती खाली उतरली तेव्हा रखमाबाई बोर्डापुढे उभ्या होत्या. बोट फिरवत फिरवत एकेक ओळ वाचत होत्या.

"छान लिहिलंयस गं."

"मावशी, तुमची काही अडचण असेल तर सांगा हं. सगळ्यांच्या ऐकून घेतल्या, तुमचीच राहिली."

"माझी कसली मेली अडचण? माझ्याच छतासाठी तर तू एवढं करतेयस. वर आणखी मी अडचण सांगू?" असं म्हणून त्यांनी नीलाच्या गालावरून हात फिरवला आणि कठडा धरून एकेक पायरी चढू लागल्या.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, काम सुरू झालं. ठेकेदार सहदेव हा बोलका, घाईचा माणूस. त्याची चार कामं एकदम चालू असायची, एक खोपटला, एक कल्याणला. सकाळी धाड धाड घण पडायला लागले आणि अख्खी इमारत हादरू लागली. नीलाला मात्र तो आवाज गोड लागत होता. मावशींचं छत नीट होतंय!

मंगळवारी सहदेव दारात आला तो डोकं खाजवतच. "मॅडम, जरा वर चला. गंमत दाखवतो."

गंमत कसली, नीलाचे डोळे पांढरे झाले. वरचा कोबा फोडला होता, तर त्याच्या खाली स्लॅब नव्हताच. खाली आणखी एक कोबा होता, त्यावर जुन्या फरशीचे तुकडे अजून चमकत होते. आणि कडेला त्याने थोडं खोल फोडून ठेवलं होतं, तिथे त्याखाली तिसरा!

"हे काय रे?"

"हे असंच असतंय ओ. गळालं की घाल कोबा, गळालं की घाल कोबा. जुना काढायचा म्हणजे फोडाफोडी, राबिट उतरवा, लोकांची किरकिर. त्यापेक्षा वरच्यावर थापला की काम झालं." राबिट म्हणजे फोडलेला माल, राडारोडा.

नीलाने वाकून फरशीचा एक तुकडा उचलला. आमच्या काळात कुणालाही त्रास झाला नाही, म्हणत होते ना गोपीनाथकाका? हेच ते! आधीच्यांनी एक थर घातला, काकांनी त्याच्यावर दुसरा. एवढी वर्षं ही इमारत डोक्यावर तीन तीन गच्च्या घेऊन उभी होती, आणि त्या सगळ्याच्या खाली मावशी कॉट टाकून झोपत होत्या.

"आता?"

"आता काय, सगळं काढायचं. त्याशिवाय वॉटरप्रूफिंगला अर्थ नाही. पण मॅडम, माल तिप्पट निघणार. रोजचा रोज उतरवू द्या की. आज हे एवढंच बघा केवढं झालंय."

नीला तशीच खाली आली. आणि या वेळी तिने बेल वाजवली, एकेकाची. दौलत म्हणाला, "रविवार बोललो ना म्याडम, गाडी आता कुठं ठेवू?" शेवंती रडकुंडीला आली, मांडववाला येऊन गेला होता, कठड्याची मापं झाली होती. गोपीनाथकाकांना थरांचं सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तेव्हाच्या सभेचा तसा निर्णय होता. आणि आता चार-पाच दिवसांचा तर प्रश्न आहे, नीलाताई." सगळ्यांचंच तेवढं खरं होतं. चार-पाच दिवसांचा तर प्रश्न होता. कुणी वाईट बोललं नाही, कुणी भांडलं नाही. भांडलं असतं तर बरं झालं असतं, निदान नीलाला राग तरी आला असता.

ती पुन्हा वर गेली. "सहदेव, रविवारपर्यंत सांभाळून घे ना."

"सांभाळतो. पण मग एका बाजूलाच रचावं लागेल, मला पुढची जागा मोकळी पाहिजे. मागच्या कोपऱ्यात रचतो, रविवारी तिकडूनच खाली सोडायचंय."

नीलाने कोपऱ्याकडे पाहिलं. "तो कुणाच्या डोक्यावर येतो रे?"

"त्या आजींच्या. त्या काही बोलणाऱ्यातल्या नाहीत ओ."

आणि खरं सांगायचं तर, हे ऐकून नीलाला हायसं वाटलं. एक क्षणच, पण वाटलं. चला, निदान त्या कोपऱ्याची तरी तक्रार येणार नाही! मग तिच्या मनात काहीतरी टोचलं, पण तेवढ्यात खालून कुणीतरी हाक मारली, टाकीचं पाणी बंद झालं होतं, आणि ती गेली.

बुधवारी ढीग कमरेएवढा झाला. गुरुवारी सहदेव कल्याणच्या कामावर होता. गड्यांनी ढीग आणखी चढवला. त्या रात्री नीलाने वर मावशींना डब्यातून खीर नेऊन दिली. सहज छताकडे पाहिलं. ओलीचे जुने डाग होते तसेच होते. "आवाजाने त्रास होतो का हो मावशी?" "छे गं. दुपारी तर अगदी शांत असतं. तुझ्या नोटिशीने सगळं कसं शिस्तीत चाललंय." नीला खूश होऊन खाली आली.

शुक्रवार उजाडला. जिन्याला माळा लागल्या होत्या, पहिल्या मजल्यावरून बेसन भाजल्याचा वास वर येत होता. एक वाजला, घण थांबले. गडी गच्चीच्या जिन्याच्या खोलीत सावलीला आडवे झाले. इमारतीत कशी गोड सुस्ती पसरली. नीला जेवली, पंखा लावला, आणि बेल वाजणार नाही या भरवशावर निवांत डोळे मिटले.

आवाज झाला तो कानाला नाही, पाठीला कळला. पलंग हलला. कपाटावरची परडी खाली आली. आधी एक दणका, मग काहीतरी ओतल्यासारखं घरंगळत राहिलं आणि मग एकदम शांत. नीला उठून बसली. भूकंप? ट्रक धडकला? आणि मग तिला कळलं. आवाज वरून आला होता. मागच्या कोपऱ्यातून.

तिने खिळ्यावरची मावशींची दुसरी किल्ली ओढली आणि दार उघडलं. समोरचंही दार उघडलं होतं. गोपीनाथकाका बनियनवर, डोळे चोळत उभे.

"अहो, एक ते चारचं ठरलंय ना? काय हा प्रकार!"

नीलाने त्यांच्याकडे पाहिलं. ती धावली. वरून पांढरी धूळ जिन्यातून खाली येत होती, झेंडूच्या माळांवर बसत होती.

मावशींचं दार ओढून घेतलेलं होतं. किल्ली कुलपात जाईना, दोनदा खाली पडली. "मावशी! मावशी, मी आले!" आतून काही नाही. वरून सहदेव गड्यांना घेऊन उड्या मारत आला. "मॅडम, आत जाऊ नका! अजून पडेल! अरे, गच्चीवर कुणी पाय ठेवू नका रे, कुणीही नाही!" तेवढ्यात दार उघडलं आणि नीला आत शिरली.

आतल्या खोलीत उजेड होता. त्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागायचा, आणि आज तिथे लख्ख ऊन पडलं होतं, छतातून. कॉटच्या वरचा स्लॅब फाटून खाली आला होता. वाकलेल्या गंजक्या सळ्या लोंबत होत्या आणि त्यांच्या मधून निळं आभाळ दिसत होतं. आणि कॉट नव्हतीच. कॉटच्या जागी ढीग होता. विटा, काँक्रीट, तीन पिढ्यांच्या फरश्या. नीलाने नीट रचून ठेवायला लावलेला, रविवारी उतरवायचा होता तो सगळा ढीग मावशींच्या अंथरुणावर उतरला होता.

नीला किंचाळली की नाही तिला आठवत नाही. ती गुडघ्यांवर बसली आणि हातांनी उपसू लागली. नखं तुटली, बोटांतून रक्त आलं, कळलं नाही. "मावशी, मावशी गं, मावशी गं..." लहानपणी तिची मुलगी मारायची तशीच हाक. ढिगाखालून उशीचं एक टोक निघालं. मग चष्म्याची काडी निघाली. ती काडी हातात घेऊन ती तशीच बसून राहिली.

मग दौलत आला. धावत तीन जिने चढून आला, दाराशी थबकला, वर आभाळाकडे पाहिलं, खाली ढिगाकडे पाहिलं. "आये!" एवढंच म्हणाला आणि वाकून मोठमोठे तुकडे उचलून मागे फेकू लागला. सहदेवने एक लाकडी फळी आडवी धरली, त्याचे ओठ पांढरे पडले होते. शेवंती दारात तोंडावर पदर धरून उभी, बेसनाचे हात तसेच. गोपीनाथकाका बाहेर फोनवर अग्निशमन दलाला पत्ता सांगत होते, आणि त्यांची वाणी, ज्या वाणीपुढे सभेत कुणाचं चालत नसे, ती पार अडखळत होती. "हो... हो, स्लॅब... एक वृद्ध बाई... आत आहेत... नाही, माहीत नाही... माहीत नाही हो..."

"रविवारी नेणार होतो गाडी," दौलत दगड फेकता फेकता पुटपुटत होता. "रविवारी नेणार होतो. आज नेली असती तरी काय बिघडलं असतं? मायझवी गाडी!" त्याला कुणी गप्प केलं नाही.

अर्धा ढीग निघाला. कॉटची मोडलेली पट्टी दिसली. गादी दिसली. दौलतने गादीचं टोक धरून उचललं, आणि नीलाने डोळे गच्च मिटून घेतले.

"म्याडम."

तिने डोळे उघडले नाहीत.

"म्याडम, बघा. खाली कोण नाय."

गादीखाली काही नव्हतं. गादीवर विटांखेरीज काही नव्हतं. सहदेवने वाकून कॉटच्या खाली हात घालून पाहिला. स्वयंपाकघर पाहिलं, मोरी पाहिली. ताट पालथं घातलेलं, शेगडी पुसलेली, घर रिकामं. म्हातारी गेली कुठे? भर उन्हात, अशा गुडघ्यांनी?

आणि तेव्हा जिन्यातून काठीचा आवाज आला. ठक. थांबली. ठक. दारातली गर्दी आपोआप बाजूला झाली. रखमाबाई एका हाताने कठडा धरून वर येत होत्या. कठड्याच्या माळेवरची धूळ त्यांच्या हाताला लागत होती. उन्हाने चेहरा लालबुंद, लुगडं घामाने पाठीला चिकटलेलं, चष्मा नाही, कारण तो उशाशी राहिला होता. वर येऊन त्यांनी श्वास घेतला, आणि एवढे सगळे आपल्या दारात पाहून त्या ओशाळल्याच.

"काय झालं गं? माझ्याकडे का जमलात सगळे?"

नीला उठली. रक्ताळलेल्या हातांनी तिने मावशींचे खांदे धरले, त्या खऱ्या आहेत की नाही हे पाहावं तसे. "कुठे... कुठे होतात तुम्ही?"

"खाली. मीटरच्या खोलीपाशी पायरीवर बसले होते."

"या उन्हात? कशाला?"

रखमाबाईंनी खोलीत डोकावून पाहिलं. चष्मा नव्हता, तरी छतातून आलेलं ऊन त्यांना दिसलं असावं, कारण त्यांचा हात चौकटीवर टेकला आणि बराच वेळ तिथेच राहिला. मग त्या हळू आवाजात बोलल्या, एखाद्याला आपला त्रास झाला तर माफी मागतात तशा.

"सकाळपासून वाळू पडत होती गं. आवाजांत तेवढं वाटलं नाही. जेवून आडवी झाले, तर वरती कट कट करून वाजायला लागलं. मला भीती वाटली. तुला सांगायला खाली आले. तुझ्या दारापर्यंत आले होते. बेलवर बोटसुद्धा ठेवलं होतं. मग नोटीस आठवली."

सहदेवने हातातली फळी खाली ठेवली.

"म्हटलं, तू एवढं सगळं सांभाळतेस, तुझी मेलीची झोप कशाला मोडू. गोपीनाथभाऊजीही झोपलेले. घरात परत जायची हिंमत होईना. मग खाली जाऊन बसले, म्हटलं चार वाजले की सांगेन. दोन-अडीच तासांचा तर प्रश्न." त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. चष्म्याशिवाय त्यांना कुणाचाच चेहरा नीट दिसत नव्हता, हे त्या सगळ्यांचं नशीब. दौलत भिंतीकडे तोंड करून उभा होता. शेवंतीने पदर डोळ्यांना लावला. गोपीनाथकाकांच्या कानाला अजून फोन होता आणि पलीकडून कुणीतरी हॅलो, हॅलो करत होतं.

रखमाबाईंनी नीलाचा हात आपल्या हातात घेतला. ती बोटं पाहून त्या चुकचुकल्या, पदराच्या टोकाने रक्त टिपू लागल्या. टिपता टिपता त्यांनी अगदी संकोचून विचारलं,

"चार वाजले का गं? माझी एक अडचण होती."